‘इफ’च्या पुढे ‘वॉज’ की ‘वेअर’?

‘इफ’ आलं की ‘वेअर’ घालायचं, असा एक नियम आमच्या बेळगावातल्या मुलांमध्ये पक्का बसलेला आहे. तो कुणी मुद्दाम शिकवतं असं नाही. ‘इफ आय वेअर अ बर्ड’ हे वाक्य शाळेत हमखास भेटतं. ‘आय’पुढे ‘वॉज’ यायचं सोडून ‘वेअर’ आलेलं बघून मुलं चक्रावतात, आणि चक्रावून टाकणारी गोष्ट तेवढी डोक्यात राहते. मग पुढे कुठंही ‘इफ’ दिसला की हात आपोआप ‘वॉज’ खोडायला जातो. नको तिथंही जातो.

मी शहापुरात घरी इंग्रजी शिकवते. ‘इफ आय वॉज अ बर्ड’ लिहिणाऱ्या मुलाची मला फारशी काळजी वाटत नाही. परीक्षेत त्याचा गुण जाईल, पण लंडनच्या रस्त्यावर ते वाक्य कुणाला खटकणार नाही. काळजी वाटते ती बरोबर लिहिलेलं ‘वॉज’ खोडून तिथं ‘वेअर’ करणाऱ्याची. त्याचं वाक्य परीक्षेतही चुकतं, बोलण्यातही चुकतं, आणि कधी कधी त्याला म्हणायचं असतं त्याच्या बरोबर उलटं काहीतरी सांगून बसतं.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका मुलीनं वक्तृत्व स्पर्धेसाठी इंग्रजी भाषण लिहून आणलं. विषय होता, मी जिल्हाधिकारी असते तर. आमच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांना सगळे ‘डी. सी.’ म्हणतात, म्हणून शीर्षक होतं ‘इफ आय वेअर द डी. सी.’ दोन पानांचं भाषण. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे पाऊस लागला की नाले भरतात, पूल पाण्याखाली जातात, बस येत नाही. ते सगळं तिनं मनापासून लिहिलं होतं. पण कागदावर ठिकठिकाणी आधीचं ‘वॉज’ खोडून वर ‘वेअर’ लिहिलेलं दिसत होतं.

“हे कुणी खोडलं गं?”

“मीच, बाई. इफ आलं की वेअर घालायचं असतंय न्हवं?”

त्या कागदावरची वाक्यं एकेक करून सांगते, कारण ‘वॉज’ आणि ‘वेअर’मधला जवळजवळ सगळा गुंता त्या दोन पानांत आलेला होता.

पहिलं वाक्य असं : मी डी. सी. असते, तर आधी सकाळी सातला खानापूरच्या बसस्टँडवर जाऊन उभी राहिले असते. इंग्रजीत तिनं लिहिलं होतं, ‘इफ आय वेअर द डी. सी., आय वुड स्टँड ॲट द बसस्टँड.’ बरोबर. ती आज डी. सी. नाही, ते तिला ठाऊक आहे, ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. वाक्य आत्ताच्या वेळेबद्दल आहे आणि त्यातली गोष्ट वस्तुस्थितीत नाही. ‘वेअर’ची जागा ती हीच.

दुसरं वाक्य वरवर पाहता अगदी तसंच दिसत होतं. ‘इफ आय वेअर लेट, द टीचर वुड मेक मी स्टँड आउटसाइड.’ इथंही ‘इफ’ आहे, इथंही ‘वुड’ आहे. पण तिला सांगायचं होतं ते असं, की पाचवी-सहावीत असताना पुलावरून पाणी गेलं की शाळेत पोचायला उशीर व्हायचा, आणि उशीर झाला की वर्गाबाहेर उभं करायचे. म्हणजे हे घडत होतं, वारंवार घडत होतं. इथला ‘वुड’ कल्पनेतला नाही, तो जुन्या सवयीचा आहे. आपण ‘उभं करायचे’ म्हणतो त्यातला ‘-यचे’ जो आहे, तो हा ‘वुड’. म्हणून इथं ‘इफ आय वॉज लेट’ हेच हवं. ‘वेअर’ घातलं की ऐकणाऱ्याला वाटणार, हिला आजवर कधी उशीर झालेलाच नाही, ही नुसती कल्पना करते आहे.

मला हा सापळा सगळ्यात वाईट वाटतो. पुष्कळ मार्गदर्शकांत एक सोपी खूण दिलेली असते : दुसऱ्या अर्ध्या वाक्यात ‘वुड’ असेल तर पहिल्यात ‘वेअर’. दहातल्या आठ वेळा ती लागू पडते, आणि म्हणूनच उरलेल्या दोन वेळा माणूस बेसावध राहतो. त्यापेक्षा ‘इफ’ काढून त्या जागी ‘व्हेनेव्हर’ ठेवून बघावं. वाक्याचा अर्थ तसाच राहिला, तर ती सवय आहे आणि तिथं ‘वॉज’. ‘व्हेनेव्हर आय वॉज लेट’ चालतं. ‘व्हेनेव्हर आय वॉज द डी. सी.’ म्हटलं तर हसू येईल.

तिसरं वाक्य तिच्या आजीबद्दल होतं. पूल बुडाला त्या रात्री आजीला बरं नव्हतं आणि ही मुलगी बेळगावात मामाकडे होती. तिनं लिहिलं, ‘इफ आय वेअर ॲट होम दॅट नाइट, आय वुड हॅव कॉल्ड द ॲम्ब्युलन्स.’ आता ही गोष्ट कल्पनेतली आहे हे खरं. ती घरी नव्हतीच. पण ती रात्र होऊन गेली. ‘वेअर’ दिसायला भूतकाळी असला तरी कल्पनेच्या वाक्यात तो आजबद्दल बोलतो. कालची हुकलेली गोष्ट सांगायला इंग्रजी आणखी एक पायरी मागे जाते : ‘इफ आय हॅड बीन ॲट होम.’ इथं ना ‘वॉज’ ना ‘वेअर’. पुढच्या अर्ध्यात ‘वुड हॅव’ तिनं बरोबर लिहिलं होतं, म्हणजे काळ तिच्या मनात नीट होता. फक्त ‘इफ’ पाहिला आणि हात वळला.

चौथं वाक्य छोटं होतं. एका अधिकाऱ्यांनी येऊन विचारलं, तू गोव्याकडची का? ‘ही आस्क्ड मी इफ आय वेअर फ्रॉम गोवा.’ हा ‘इफ’ अटीचाच नाही. हा आपला ‘का’ आहे. तिथं ‘वेदर’ ठेवला तरी अर्थ बदलत नाही. म्हणून ‘इफ आय वॉज फ्रॉम गोवा’.

आणि शेवटचं, भाषण संपवतानाचं : माझं बोलणं कुठं कडू झालं असेल, तर क्षमा असावी. ‘इफ आय वेअर टू हार्श, प्लीज फरगिव्ह मी.’ इथंही ‘वॉज’. आपलं बोलणं कडू झालं की नाही हे तिला माहीत नाही, झालंही असेल. शक्यता उघडी आहे. ‘वेअर’ म्हटलं की ती बंद होते. मग वाक्याचा सूर असा लागतो, की मी काही कडू बोललेली नाहीच, पण समजा बोलले असते तर माफ करा. क्षमा मागायला उभी राहिलेली मुलगी असं म्हणणार नाही.

पाच वाक्यांत ‘वेअर’ बरोबर होतं ते एका ठिकाणी.

मी तिला व्याकरणाचं नाव एकही सांगितलं नाही. पाचही वाक्यं मराठीत म्हणायला लावली. तिची बोली आमच्याकडची, बायकासुद्धा ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात ती. ती म्हणत गेली : मी डी. सी. असतो तर. मला उशीर झाला की. मी त्या रात्री घरात असतो तर. मी गोव्याची का म्हणून. माझं बोलणं कडू झालं असंल तर. आपण काय बोललो ते तिनं स्वतःच ऐकलं आणि थांबली. इंग्रजीत पाचही ठिकाणी एकच ‘इफ’ होता. मराठीत ‘असतो तर’, ‘झाला की’, ‘का’, ‘झालं असंल तर’ असे वेगवेगळे धागे आपोआप सुटे झाले होते.

ही आपल्याला जन्मतः मिळालेली सोय आहे आणि ती वापरायला आपण लाजतो. इंग्रजी शिकताना मराठीत विचार करू नका, असं मुलांना सांगितलं जातं. इथं मात्र मराठीतच विचार करावा. मराठीत ‘का’ आला, ‘की’ आला, ‘असेन तर’ किंवा ‘असेल तर’ आलं आणि गोष्ट मागची असली, तर इंग्रजीत ‘वॉज’. ‘असतो तर’ किंवा ‘असते तर’ आलं तरच ‘वेअर’चा विचार करायचा. मराठी व्याकरणात या रूपाला संकेतार्थ म्हणतात. अट आणि तिच्यावर अवलंबून असलेलं न घडलेलं फळ, असा तो अर्थ.

पण मराठी इथपर्यंतच सोबत करते. ‘मी घरी असतो तर’ या शब्दांत काळ सापडत नाही. आत्ता घरी असतो तर, की त्या रात्री घरी असतो तर, दोन्हीला रूप एकच. म्हणून ‘असतो तर’ आलं की स्वतःला एक प्रश्न विचारायचा : आत्ता की तेव्हा? आत्ता असेल तर ‘वेअर’. तेव्हा असेल तर ‘हॅड बीन’. माझ्याकडे घरी कन्नड बोलणारी मुलंही येतात. त्यांचं ‘इद्दरे’ साध्या अटीलाही चालतं आणि कल्पनेलाही, त्यामुळे त्यांची अडचण निराळी असते. मात्र हुकलेली गोष्ट सांगताना ती ‘इद्दिद्दरे’ म्हणतात. असं म्हणताना त्यांना तिथंच थांबवलं की ‘हॅड बीन’ त्यांच्या लवकर ध्यानात येतं.

मराठीची आणखी एक ओढ आडवी येते. आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असते’ बसतं : मी तिथं असते तर गेले असते. त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड’ ठेवावासा वाटतो. ‘इफ आय वुड बी द डी. सी., आय वुड…’ हे आमच्याकडच्या कॉलेजच्या मुलांतही फार ऐकू येतं. लिखित इंग्रजीत अटीच्या बाजूला हा ‘वुड’ बसत नाही, तो फळाच्याच बाजूला राहतो.

आता मुलं विचारतात तो खरा प्रश्न. ‘आय’पुढे ‘वेअर’ आलंच कसं? ते तर अनेकवचनाचं ना?

नाही, आणि हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो. ‘इफ आय वेअर’मधलं ‘वेअर’ हे ‘दे वेअर’मधून उसनं आणलेलं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीसाठी ‘मी’ आणि ‘तो’ यांना एक रूप होतं, त्याचं आजचं ‘वॉज’ झालं. कल्पना, इच्छा, शंका यांसाठी वेगळं रूप होतं, तेही एकवचनीच, आणि त्याचं ‘वेअर’ झालं. तेव्हा पुष्कळ क्रियापदांना अशी दोन-दोन रूपं होती. शेवटचे स्वर झिजत गेले तशी ती एकसारखी दिसायला लागली. भूतकाळात हा फरक आज फक्त ‘टू बी’ या एका क्रियापदात उरला आहे, आणि त्यातही ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ एवढ्यांपुरता. ‘यू’, ‘वी’, ‘दे’ यांना दोन्हीकडे ‘वेअर’च. म्हणून ‘इफ यू वेअर ॲट होम’ एवढ्यावरून हे खरं की कल्पना, ते कळत नाही. पुढचं वाक्य ऐकावं लागतं. उच्चाराचंही जाता जाता सांगते : हा शब्द ‘कुठे’ अर्थाच्या ‘व्हेअर’सारखा म्हणायचा नाही, तो ‘वर्’च्या जवळ जातो. मराठीत लिहिताना ‘वेअर’ लिहायची पद्धत पडली आहे, म्हणून मीही तसंच लिहिते आहे.

असं अर्धवट झिजणं आपल्याकडेही झालेलं आहे. ‘मी रोज घरी असतो’ आणि ‘मी घरी असतो तर’, दोन्हीकडे ‘असतो’. पण ‘तो’ घ्या : ‘तो रोज घरी असतो’, मात्र ‘तो घरी असता तर’. ‘ती असते’, पण ‘ती असती तर’. म्हणजे आपल्याकडे ‘मी’मधला फरक पुसला गेला आणि ‘तो’, ‘ती’मधला शाबूत राहिला. ‘तो घरी असतो तर बरं झालं असतं’ असं कुणी म्हटलं तर आपला कान लगेच अडखळतो. काटेकोर लिहिणाऱ्या इंग्रजाचा कान ‘इफ ही वॉज’पाशी असाच अडखळतो.

सगळ्यांचा मात्र अडखळत नाही. कल्पनेच्या वाक्यात ‘वॉज’ येणं ही आजची पडझड नव्हे. निदान सतराव्या शतकापासून ते लिखाणात सापडतं. 2002 साली निघालेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणानं या ‘वेअर’ला ‘इर्रिअ‍ॅलिस’, म्हणजे वस्तुस्थितीबाहेरचं, असं वेगळं नाव दिलं आहे आणि त्याच्या शेजारी ‘वॉज’ही चालतं असं नोंदवलं आहे. बोलण्यात ‘आय विश आय वॉज टॉलर’ सर्रास चालतं. ब्रिटनमध्ये लिहितानाही पुष्कळ जण तसं लिहितात, अमेरिकेत छापील मजकुरात ‘वेअर’चा आग्रह जास्त दिसतो. ‘इफ आय वेअर यू’ मात्र इतकं घट्ट बसलेलं आहे, की एरवी ‘वॉज’ वापरणारे लोकही तिथं बहुधा ‘वेअर’च म्हणतात. माझं मत विचाराल तर परीक्षा, अर्ज, भाषण यांत कल्पनेच्या वाक्याला ‘वेअर’च लिहावं. एक जुना, स्पष्ट फरक आपल्याला फुकट मिळतो आहे, तो सोडू नये. पण मित्राशी बोलताना कुणी ‘आय विश आय वॉज देअर’ म्हटलं, तर त्याला अडवून दुरुस्त करू नये.

‘आय विश’बद्दल एवढंच, की तिथंही प्रश्न तोच, आत्ता की तेव्हा. आज गावी नाही याची हळहळ असेल तर ‘आय विश आय वेअर’, कालच्या जत्रेला नव्हते याची असेल तर ‘आय विश आय हॅड बीन’. आणि ‘आय विश यू विल पास’ असं लिहिण्याची सवय आमच्याकडे फार आहे. तू पास होशील अशी आशा असेल, तर तिथं ‘होप’ हवं.

आमच्या भागात तर ‘असतं तर’ हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. कट्ट्यावर चार म्हातारी माणसं बसली की 1956चा विषय निघतोच. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची फेररचना झाली. तोवर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मागे राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा झाला. माझी मावशी चंदगडची. तिचं गाव आणि माझं गाव तोपर्यंत एकाच जिल्ह्यात होतं. या एका विषयावरची तीन वाक्यं मी मोठ्या मुलांना करायला देते.

पहिलं, बेळगाव आज महाराष्ट्रात असतं तर. आत्ताची गोष्ट, आणि तशी ती नाही : ‘इफ बेळगाव वेअर इन महाराष्ट्र टुडे.’ दुसरं, 1956ला बेळगाव मुंबई राज्यातच राहिलं असतं, तर मावशी आणि मी आज एकाच जिल्ह्यात असतो. इथं अट तेव्हाची आहे आणि फळ आजचं, म्हणून दोन बाजूंना दोन काळ : ‘इफ बेळगाव हॅड रिमेन्ड इन बॉम्बे स्टेट, वी वुड बी इन द सेम डिस्ट्रिक्ट टुडे.’ अट तेव्हाची म्हणून फळही तेव्हाचंच करून ‘वुड हॅव बीन’ लिहिणारी मुलं बरीच असतात. वाक्यातला ‘आज’ त्यांना दाखवावा लागतो.

तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बेळगाव 1956पर्यंत मुंबई राज्यात होतं, तर जुनी कागदपत्रं मुंबईत असणार. इथं ‘वॉज’ : ‘इफ बेळगाव वॉज इन बॉम्बे स्टेट टिल 1956, द ओल्ड पेपर्स मस्ट बी इन मुंबई.’ हा ‘इफ’ शंकेचा नाही. होतं हे दोघांनाही मान्य आहे, त्या मान्य गोष्टीवरून पुढचा तर्क केला आहे. ‘होतं, तर’ असं आपण म्हणतो, ‘असतं तर’ असं म्हणत नाही. इथं कुणी नियम म्हणून ‘वेअर’ घातलं, तर वाक्याचा रोख असा होतो की बेळगाव मुंबई राज्यात नव्हतंच. ज्या गोष्टीसाठी माणसं आयुष्यभर अर्ज लिहीत आली, ती त्यांच्याच अर्जात एका शब्दानं नाकारली जाईल.

खानापूरच्या त्या मुलीनं भाषण पुन्हा लिहून काढलं. चार ‘वेअर’ गेले, तीन जागी ‘वॉज’ परत आलं, आजीच्या वाक्यात ‘हॅड बीन’ बसलं. मग तिनं आणखी एक विचारलं. पुस्तकात कुठंतरी ‘वेअर आय द डी. सी.’ अशी ‘इफ’ नसलेली सुरुवात तिला दिसली होती, तशी केली तर कसं? व्याकरणात ती अगदी बरोबर आहे. ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणायचं असेल तर तिथं फक्त ‘वेअर’च चालतं, ‘वॉज आय’ म्हटलं तर तो प्रश्न होतो. पण ही रचना कागदावर शोभते. सभागृहात मागच्या बाकावर बसलेल्याला ती पहिल्या झटक्यात कळत नाही, त्यालाही प्रश्नच विचारल्यासारखं वाटतं. मी तिला ‘इफ’ ठेवायला सांगितलं, आणि ‘इफ’नंतर न थांबता ‘डी. सी.’पर्यंत एका दमात म्हणायला सांगितलं.